ओठावरचं गाऱ्हाणं

माझ्या नवऱ्याचा डावा हात हा कन्नमवार नगरातला सगळ्यात प्रसिद्ध हात आहे. मनगटाच्या चार बोटं वर एक पांढरट खड्डा आहे, डाळिंबाच्या दाण्याएवढा. आल्यागेल्याला जयवंत तो दाखवतात. आधी पाणी, मग हात, मग चहा, असा आमच्या घरचा पाहुणचार.

मी हे लिहिते आहे, कारण बोलणं आता मला जमत नाही आणि लिहायला ओठ लागत नाहीत. उभा जन्म बालवाडीत गेला माझा. प, फ, ब, भ, म. ओठाला ओठ लावा रे पोरांनो, की अक्षर आपोआप बाहेर येतं, असं शिकवायचे. आता माझं स्वतःचं नाव सांगायचं म्हटलं तरी पहिल्याच अक्षराला लाळ गळते. नॅपकीन सतत हातात.

तर हाताची गोष्ट. गेल्या वर्षी शिमग्याला गावी जाऊन आलो आणि जयवंतांच्या हातावर मुगाएवढी पुळी उठली. किडा चावला असेल म्हणून दोघांनीही लक्ष दिलं नाही. पुळी मात्र थांबायला तयार नव्हती. आंबे बाजारात येईपर्यंत तिची सुपारी झाली. गोल, घट्ट, कडा गुळगुळीत आणि चकचकीत, आणि बरोब्बर मध्ये खड्डा. त्या खड्ड्यात जुन्या नखासारखं टणक, पिवळट काहीतरी भरलेलं. शर्टाच्या बाहीला अडकलं की जयवंत शिव्या घालायचे, बाहीलाही आणि बाही इस्त्री करणाऱ्या मलाही.

आमची श्वेता बोरिवलीहून आली, तिने हात बघितला आणि बापाला उचलूनच घाटकोपरला डॉ. किरण रेग्यांकडे नेलं. चामडीच्या डॉक्टर आहेत. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड.

"किती दिवसांत एवढं झालं?" डॉक्टरांनी भिंगातून बघत विचारलं.

"महिना-दीड महिना."

"काम काय करायचात?"

"लेथवर. अख्खी सर्व्हिस लेथवर काढली."

"हाताला तेल लागायचं?"

"तेलातच हात, मॅडम. घरी येऊन साबणाने घासला तरी भाताला वास यायचा," जयवंत अभिमानाने म्हणाले. ते खरं होतं. तो भात मी पण जेवले आहे.

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "इतक्या भराभर वाढणारं, घुमटासारखं, मध्ये खड्डा असलेलं, ह्याला केराटोअ‍ॅकॅन्थोमा म्हणतात. बऱ्याचदा हे थोडे दिवस वाढतं, थांबतं आणि काही महिन्यांत आपलं आपण ओसरतं. पण त्वचेचा एक कॅन्सर आहे, स्क्वॅमस सेल. तो सेम असाच दिसू शकतो. काही तज्ज्ञ तर म्हणतात, हे त्या कॅन्सरचंच एक सौम्य रूप आहे. वरून बघून मी काय, कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून वाट बघायची नाही. तळासकट पूर्ण काढायचं आणि तपासायला पाठवायचं. छोटं ऑपरेशन आहे, भूल फक्त तेवढ्या जागेला."

"म्हणजे आपोआप जातं," जयवंत म्हणाले.

"जातंच असं नाही."

"पण जातं."

जयवंतांना आयुष्यभर जेवढं ऐकायचं तेवढंच ऐकू आलेलं आहे. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांकडून तो लांबलचक शब्द कागदावर लिहून घेतला आणि घरी येऊन पाठ केला. नातवंडांची नावं त्यांना आठवत नाहीत, पण केराटोअ‍ॅकॅन्थोमा ते न अडखळता म्हणतात.

ऑपरेशन झालंच नाही. गावाहून चुलतभाऊ लवूचा फोन आला की रुईचा चीक लाव, वर चुन्याचं बोट फिरव. हायवेच्या कडेला, खाडीच्या बाजूला रुई माजलेली असते. शनिवारी मारुतीला पानं घेतात तीच. जयवंत रोज पहाटे जाऊन पान तोडायचे, चीक लावायचे आणि आई गं, आई गं करत घरभर फिरायचे. पहिले काही दिवस भोवतालची कातडी लालबुंद झाली. मग पाऊस मुरला तसा तो गोळा बसायला लागला. मधलं नखासारखं एक दिवस आंघोळीत पडून गेलं. श्रावण संपेपर्यंत हातावर फक्त खड्डा उरला.

मी खोटं बोलणार नाही, मलाही चमत्कारच वाटला होता. माझ्या डोळ्यांदेखत गेला होता तो.

जयवंत मला घेऊन पुन्हा घाटकोपरला गेले. तपासायला नव्हे, डॉक्टरांचं नाक कापायला. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना आधी हात दाखवून झाला. मग आत. डॉक्टरांनी खड्ड्यावरून बोट फिरवलं. "छान झालं. बहुतेक केराटोअ‍ॅकॅन्थोमाच होता. तपासलेला नाही म्हणून मी बहुतेक म्हणते. तो त्याच्या वेळेला गेला असता, चीक लावला नसता तरी."

"मॅडम, गेला तो माझ्या औषधाने. तुम्ही कापाकापी सांगत होता."

"तुमचं नशीब चांगलं, काका. दुसऱ्या कुणाला हे औषध सांगू नका. प्लीज." आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काकू, ओठावर काय झालंय?"

मी पदर तोंडाला लावला. खालच्या ओठावर, उजव्या अर्ध्यात, वाटाण्याएवढं काहीतरी आलं होतं. आठ-पंधरा दिवसांचं असेल. मी मशेरी लावते, लग्नाआधीपासून. बालवाडीतल्या पोरांच्या आयांना कधी कळू दिलं नाही, पण लावते. म्हणून मला वाटलं, मशेरीने तोंड आलंय.

डॉक्टर उठून माझ्याजवळ आल्या. भिंग लावलं, हनुवटीखाली, मानेला दोन्ही बाजूंनी बोटं दाबून बघितली. "गाठ अजून नाही कुठे. काकू, हे ह्या आठवड्यात काढू या. ओठावर वाट बघणं म्हणजे जुगार. हातापेक्षा ओठावरचं लवकर आत घुसतं, आणि तुमची मशेरी आहे."

आणि जयवंत हसले. खरंच हसले, टाळी देण्यासाठी हात पुढे करावा तसे. "मालन! तुका पण तोच झालो! मॅडम, आता बघाच तुम्ही."

मलाही तेव्हा आनंदच झाला, नवऱ्याला जे झालं आणि गेलं तेच मला झालंय म्हणून. आता तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

*

चौथ्या दिवशी गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, पण विक्रोळी, भांडुपची सगळी भावकी जमते. आरती झाली की घरचा कर्ता गाऱ्हाणं घालतो. देवापुढे उभं राहून, सगळ्यांच्या वतीने, मोठ्या आवाजात. तो एकेक मागणं मांडतो आणि बाकीचे हात जोडून होकार देतात. आमच्याकडे गाऱ्हाणं जयवंतच घालतात. आवाज खणखणीत आहे त्यांचा, मान्य करायलाच हवं.

"बा गणपती म्हाराजा," ते सुरू झाले, "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली हत…"

"होय म्हाराजा!"

"नितेशच्या नोकरीची आबाळ चललीहा, ती दूर कर…"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या माझ्या बायलेच्या ओठार जा काय उठलाहा, ता जसा माझ्या हातावरचा गेला तसा जावं दे. सुई नको, सुरी नको, तुझ्या नावान लावलेल्या चिकान जावं दे. आणि ता जाईसर दुसऱ्या कोणाची पायरी आमी चढाचव नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पंचवीस-तीस माणसं एका दमात म्हणाली. समोरच्या घरातली नलिनी म्हणाली, माझा मुलगा नितेश म्हणाला, आणि हात जोडलेले होते म्हणून मीही म्हणाले. देवाला शब्द गेला. आता फळ येईपर्यंत डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास, आणि भावकीत तोंड दाखवायला जागा नाही. एकटी श्वेता हात खाली सोडून उभी होती. आरतीचं तबक तिच्या पुढ्यातून तसंच पुढे गेलं.

ओठाला चीक लावणं म्हणजे काय ते लावल्याशिवाय कळणार नाही. हातावर माणूस फुंकर घालू शकतो. ओठावर लावला की तो तोंडात उतरतो, जीभ जळते, डोळ्यांतून पाणी येतं. मी डोळे मिटून बसायचे आणि जयवंत काडीने लावायचे. हात हलू नये म्हणून माझी हनुवटी पकडायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली, इतक्या वेळा त्यांनी माझ्या तोंडाला हात लावला नव्हता. रोज लावून झाल्यावर स्वतःचा हात माझ्या तोंडाशेजारी धरायचे आणि आरशात बघायला लावायचे. "माझा असाच होता. अगदी असाच. डिट्टो."

होताच तसा. गोल, घट्ट, मध्ये खड्डा, खड्ड्यात तेच पिवळं नख. हातावर होता तो आणि ओठावर आहे तो, ह्यांत मला फरक दिसत नव्हता आणि डॉक्टरांनाही दिसला नसता. तेच तर त्या बाई सांगत होत्या.

नवरात्राच्या आधी जयवंत पेन्शनच्या कामाला गेलेले असताना श्वेता आली आणि मला गुपचूप बोरिवलीला घेऊन गेली. घाटकोपरला नेलं असतं तर रिक्षा स्टँडवरच बातमी फुटली असती. तिच्या घराजवळ एक नवीन दवाखाना होता, तरुण डॉक्टर, फार गोड बोलायचा. मी म्हटलं, बाबा रे, टाके घालू नकोस, घरी कळेल. तो म्हणाला, ठीक आहे आजी, वरचा छोटा तुकडा घेतो. त्याने गोळ्याच्या माथ्याचा चपटा तुकडा काढला आणि लॅबला पाठवला. मी घरी सांगितलं, दात लागला.

रिपोर्ट श्वेताच्या मोबाईलवर आला. ती तो घेऊन तडक विक्रोळीला आली आणि बापासमोर उभी राहिली. लपवाछपवी तिला माझ्यासारखी जमत नाही.

"बाबा, आईचा तुकडा तपासलाय. वाचा."

जयवंत भडकले. आधी मला बोलले, मग तिला, मग तिच्या सासरच्यांना. मग चष्मा लावून मोबाईल हातात घेतला. इंग्रजी वाचताना ते ओठ हलवतात. मध्येच ओठ थांबले आणि तोंडभर हसू आलं.

"केराटोअ‍ॅकॅन्थोमा! हे बघ! लिहिलंय! माझंच नाव लिहिलंय!"

"बाबा, पुढे वाचा. पुढे 'किंवा' आहे." श्वेताने स्क्रीनवर बोट ठेवलं. "केराटोअ‍ॅकॅन्थोमा किंवा स्क्वॅमस सेल कॅन्सर. तुकडा वरवरचा आहे, तळ आलेला नाही, त्यामुळे दोघांतलं काय ते सांगता येत नाही. पूर्ण काढून पाठवा, असं लिहिलंय. तो कॅन्सर आत घुसलाय का ते तळाला कळतं बाबा, माथ्याला नाही!"

"डॉक्टर लोक किंवा लिहितातच. धंदा चालायला नको?" त्यांनी मोबाईल तिला परत दिला. "गाऱ्हाणं घातलंय आपण. तुझा विश्वास नसेल तर तू नको येऊस. हिचा आहे." आणि माझ्याकडे वळले. "काय गो? तुझो विश्वास आसा की नाय?"

दोघंही माझ्याकडे बघत होती. एकीकडे लेक, एकीकडे देव आणि नवरा एकाच बाजूला. मला भीती कॅन्सरची वाटत नव्हती, कारण कॅन्सर मी पाहिलेला नव्हता. गेलेला गोळा मात्र रोज समोर होता, शर्टाच्या बाहीखाली. मी म्हटलं, आहे.

श्वेता पायात चपला न घालताच जिना उतरली. खाली जाऊन परत आली, चपला घेतल्या आणि गेली. त्यानंतर दिवाळीपर्यंत आली नाही.

*

जयवंतांचा गोळा जेवढ्या दिवसांत बसायला लागला होता तेवढे दिवस माझेही गेले. माझा बसला नाही. खड्ड्यातलं नख पडलं तेव्हा जयवंतांनी नारळ फोडला. पण आत खालून कातडी आलीच नाही. तिथं ओली जखम राहिली, कडा वर वळलेल्या आणि दगडासारख्या कडक. चहाचा कप लावला की रक्त यायचं. वास यायचा. तो वास सगळ्यांत आधी मला आला, मग नवऱ्याला, आणि त्यांनी आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली.

मग दोष शोधणं सुरू झालं. मी वांगं खाल्लं होतं. मी मशेरी पूर्ण सोडलेली नव्हती. मी सुतकात चीक लावून घेतला. मी नखाने खरवडते. "माझा गेलो ना? मगे तुझो कसो नाय जाणा? तुझ्या मनातच खोट आसा!" हे ते भावकीतल्या बायकांसमोर म्हणाले आणि बायकांनी माना डोलावल्या. मी बालवाडीत पोरांना कोपऱ्यात उभं करायचे तसं मला वाटलं, फक्त इथं कोपरा माझ्याच घराचा होता. रात्री मी खरंच मनात खोट शोधत बसायचे. सापडायची पण. कुणाच्या मनात नसते?

लक्ष्मीपूजनाला श्वेता आली. रुसवा सोडून आली बिचारी, पणत्या घेऊन. दुसऱ्या दिवशी अभ्यंगाला तिने माझ्या मानेला तेल लावायला घेतलं आणि तिचं बोट जबड्याखाली उजव्या बाजूला थांबलं. पुन्हा त्याच जागी फिरलं. लिंबाच्या बीहून थोडी मोठी, टणक, न हलणारी गाठ. तिने माझं डोकं घाईघाईत पुसलं, मला साडी नेसवली आणि हाताला धरून दाराशी आणली.

जयवंत उंबऱ्यात उभे राहिले. "गाऱ्हाणा मोडून जातंस?"

श्वेताने बापाला बाजूला ढकललं. माझ्या डोळ्यांदेखत, पाडव्याच्या दिवशी. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी फार बरं वाटलं.

श्वेताने वाटेतून फोन केला म्हणून डॉ. किरण सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडून बसल्या होत्या. माझा ओठ बघून त्यांनी मास्क वर केला. त्यांचे डोळे रागाने भरलेले होते, माझ्यावरच्या रागाने, आणि तो राग मला पटला. एवढंच म्हणाल्या, "काकू, मी आठवडा म्हटलं होतं." मग त्यांनी स्वतः फोन करून मला परळला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथं तळासकट तुकडा घेतला. ह्या वेळी रिपोर्टात 'किंवा' नव्हतं. स्क्वॅमस सेल कॅन्सर, आणि मानेतल्या गाठीत पोचलेला. अर्ध्याहून जास्त ओठ गेला, जबड्याखालच्या, मानेच्या गाठी गेल्या, गालाची कातडी ओढून तोंडाला कड शिवली. मग रेडिएशन घ्यायला रोज परळ, सहा आठवडे. तोंडात फोड, जिभेला चव नाही. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून बघायचं. परत यायचा असला तर त्यातच येतो.

जयवंत हॉस्पिटलात यायचे. बिस्किटं आणायचे, जी मला खाता येत नव्हती. भेटायला येणाऱ्यांना ते बाहेर व्हरांड्यात सांगायचे आणि पडद्याआडून मला सगळं ऐकू यायचं. "बोरिवलीच्या त्या पोरट्या डॉक्टरने टोचलं ना, म्हणून भडकलं. कॅन्सरला सुई लागली की तो पसरतो. नाहीतर बसतच आला होता. माझा नाही का बसला?" शर्टाची बाही वर गेल्याचा आवाज येत नाही, पण मला तोही ऐकू यायचा.

सुईने पसरत नाही, असं मला परळच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. तो तुकडा घेतला तेव्हाच पूर्ण काढलं असतं तर कदाचित नुसत्या टाक्यांवर निभावलं असतं, हेही सांगितलं होतं. पण ते मी कुणाला आणि कसं सांगणार? ओठ शिवलेला होता.

*

यंदा शिमगा झाला आणि जयवंतांच्या गालावर, कानाजवळ, पुळी उठली.

मी ती त्यांच्या आधी बघितली. दाढी करताना त्यांना लागलं तोवर ती तुरीच्या दाण्याएवढी झालेली होती, आणि मधोमध बारीक खळगा पडायला सुरुवात झालेली होती. ते आरशासमोर थिजले. मागून मी बघत होते. आरशात आमची नजर भेटली आणि त्यांनी ती काढून घेतली.

मी वाट बघत बसले. आता हायवेकडे जातील, आता रुईचं पान येईल, चीक लावून आई गं करतील. मी मनातल्या मनात काडी धरून त्यांची हनुवटी पकडून तयार होते. हो, मला हवं होतं तसं. त्यांनी थांबावं, वाढू द्यावं, बसेल म्हणून हसावं, असं मला अगदी आतून वाटत होतं. पतिव्रतेला शोभत नाही, पण पतिव्रतेला निदान अख्खं तोंड असतं.

त्यांनी चहा घेतला नाही. लवूला फोन केला नाही. देवापुढे उभे राहिले नाहीत. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी घाटकोपरला जिन्यावर जाऊन बसले आणि मला सोबत नेलं, भीती वाटते म्हणून.

डॉ. किरणनी भिंग लावलं. "सुरुवातच आहे. तुमच्या हातावर होतं तसंच दिसतंय. अर्थात…"

"अर्थात काय ते माहीत आहे मॅडम," जयवंत घाईने म्हणाले. "वरून सांगता येत नाही. तळासकट काढा. सगळं काढा. जास्तच काढा. आणि तपासायला पाठवा."

डॉक्टरांनी भिंग बाजूला ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. "रुईचा चीक नाही लावायचा ह्या वेळेला?"

"कशाला उगाच रिस्क घ्यायची?" माझा नवरा म्हणाला.

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. माझं तोंड उघडलं, हसू आलं की किंकाळी ते मलाच कळलं नाही. बाहेर फक्त लाळ आली आणि पदरावर पडली. डॉक्टरांनी माझ्या हातात कापूस दिला, आणि तो देताना त्यांचा हात माझ्या हातावर थोडा जास्त वेळ राहिला.

त्याच दिवशी त्यांनी गाल बधिर करून ती पुळी होडीच्या आकारात, भोवतालच्या चांगल्या कातडीसकट, खालच्या चरबीपर्यंत काढली. टाके घातले, तुकडा बाटलीत घातला. जयवंतांनी तेवढा वेळ माझा हात धरून ठेवला होता. "दुखात काय गो? दुखात काय?" असं विचारत होते. घाम फुटला होता त्यांना. मी हात सोडवून घेतला नाही. का नाही घेतला, ते मला माहीत नाही.

रिपोर्ट आला. केराटोअ‍ॅकॅन्थोमा. तळ आणि कडा साफ, सगळं निघालेलं. गालावर एक बारीक रेघ राहील, तीही सुरकुतीत मिसळून जाईल, असं डॉक्टर म्हणाल्या.

संध्याकाळी जयवंतांनी पेढे आणले. नलिनी आली, भावकीतली दोन-चार माणसं आली. गालावरची पट्टी दाखवून झाली. ह्या वेळी हात झाकलेला होता.

"वेळेवर गेलो म्हणून वाचलो," जयवंत सांगत होते. "एक दिवस थांबलो नाही. पुळी दिसली की डॉक्टर, मुळासकट बाहेर, विषय संपला. ह्यात अंधश्रद्धा चालत नाही." मग माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी शपथेवर सांगते, ते खरं होतं. "हिलाही तेच सांगत होतो मी. जा, वेळेवर जा. पण बायकांचं कसं असतं, अंगावर काढतात. ऐकलं नाही हिने."

मी खोलीभर बघितलं. देवापुढे हात जोडून होय म्हणणारी माणसं होती सगळी. कुणीतरी माझ्या नजरेला नजर देईल म्हणून मी एकेकाकडे पाहत गेले. सगळे पेढ्याकडे बघत होते.

मी उठले. म्हणायचं होतं, खोटं. त्यात ओठाला ओठ लावायचं एकही अक्षर नाही, ते मला म्हणता आलं असतं. मी जोर केला, शिवलेली कड ताणली गेली आणि पहिलं अक्षर फुटायच्या आत हनुवटीवरून लाळ ओघळली.

जयवंत पटकन पुढे आले. खिशातला धुतलेला रुमाल काढून त्यांनी माझी हनुवटी सगळ्यांसमोर पुसली, अगदी हळुवार. "बोलू नको गो, तुका त्रास होता."

"किती करतात गं तुझं," नलिनी म्हणाली. "नशीब काढलंस, मालन." मग तिने एक पेढा बोटांनी कुस्करला, मला चावता येत नाही म्हणून, आणि तो माझ्या उघड्या तोंडात घातला.